सोसायटीत सामाईक फायबर: कमिटीला द्यायच्या पत्राचा मसुदा, चुका काढा

बी विंगचा सचिव

नमस्कार मंडळी. पुण्यातली सोसायटी आहे. दोन विंग, खाली पार्किंग, वर ७ मजले, मजल्यावर ४ फ्लॅट, एकूण ५६. सध्या तीन कंपन्यांच्या वायरी गच्चीवरून लोंबतायत. कमिटीपुढे खालचं पत्र ठेवायचंय, तिथून सर्वसाधारण सभेत. भाषेपेक्षा केबल आणि हिशोब बघा.

> प्रति, मा. अध्यक्ष व सर्व सदस्य, व्यवस्थापन समिती
>
> विषय: सामाईक फायबर ब्रॉडबँडची आखणी व खर्चाची विभागणी
>
> महोदय/महोदया,
>
> इमारतीत सोसायटीच्या मालकीची फायबर केबल टाकावी असा प्रस्ताव आहे. प्रत्येक विंगच्या मीटर रूममध्ये मुख्य पेटी बसेल. तिथे एका फायबरचा प्रकाश आठांत वाटणारा १:८ स्प्लिटर असेल. त्यातून विजेच्या शाफ्टमधून प्रत्येक मजल्यावर एक फायबर जाईल आणि मजल्यावरच्या पेटीतल्या १:४ स्प्लिटरमधून चार फ्लॅटना जोडणी मिळेल. ए ते बी विंग केबल पार्किंगखालून पाइपमधून जाईल.
>
> अंदाजे खर्च ₹१,०६,००० अधिक १८% जीएसटी, म्हणजे ₹१,२५,०८०. प्रति फ्लॅट ₹२,२३४.
>
> एका कंपनीशी ५ वर्षांचा करार करून सर्व ५६ फ्लॅटना दरमहा ₹४०० दराने सेवा घ्यावी व ही रक्कम मेंटेनन्स बिलात सेवाशुल्काखाली घ्यावी.
>
> आपला, सचिव

वरणभात

माझ्या बेडरूममध्ये वायफायची एकच कांडी येते. हे झाल्यावर येईल का पूर्ण?

गाठीवाला

वरणभात, नाही. फायबर दिवाणखान्यापर्यंत येईल, पुढे भिंती तुमच्याच. तो वेगळा धागा.

सचिवसाहेब, पत्र नीट आहे, पण पहिला परिच्छेद पाडावा लागेल. तुमच्या आखणीत एका विंगमध्ये १:८ आणि त्यानंतर १:४ असे दोन स्प्लिटर एकामागे एक आहेत. १:८ मध्ये साधारण १०.५ डीबी प्रकाश वाया जातो, १:४ मध्ये ७.२. एवढ्यावर थांबलं तर चालतं. पण बऱ्याच कंपन्या गल्लीतल्या खांबावरच्या डब्यात आधीच एक १:८ लावून ठेवतात. मग बेरीज २८.२ होते. घरोघरच्या फायबरच्या नेहमीच्या जीपॉन यंत्रणेत एक्सचेंजपासून घरापर्यंत एकूण २८ डीबीचीच मुभा असते, आणि आपण अजून केबल, फायबर वितळवून मारलेल्या गाठी, कनेक्टर धरलेलेच नाहीत. सरळ अर्थ, मोडेमवर लाल दिवा.

वाईट म्हणजे हा दिवा सगळीकडे एकदम लागत नाही. ज्याची जोडणी सगळ्यात स्वच्छ तो जेमतेम चालतो, बाकीचे दिवसातून चार वेळा तुटतात. मग लोक राउटर बदलत बसतात.

दादरकर

एवढी डोकेफोड कशाला? कंपनीवाले स्वतःच्या खर्चाने सगळी इमारत वायर करून देतात. एक पैसा लागत नाही. सव्वा लाख वाचले, मिठाई वाटा.

मिरजेचा

+१. फुकट ते पौष्टिक.

गाठीवाला

दादरकर, देतात, खरं आहे. पण केबल त्यांची राहते. वर्षभराने सेवा बिघडली आणि दुसरी कंपनी आणायची ठरली, की ती म्हणते आमची केबल आम्ही टाकणार. शाफ्टमध्ये दुसरा जुडगा, दोन वर्षांनी तिसरा. मेलेली केबल काढायला कुणीच येत नाही, कारण त्यातली जिवंत कुठली हे कुणाला माहीत नसतं. सचिवांच्या गच्चीवर आत्ता जे लोंबतंय ते असंच 'फुकट' आलेलं असणार.

केबल सोसायटीची आणि सेवा ज्याला हवी त्याची, एवढं एकच सूत्र पत्रात पक्कं करा. बाकी सगळं त्यातून येतं. मजल्यावरचा स्प्लिटर याच्या आड येतो. मजल्यावर चार फ्लॅट एका स्प्लिटरवर बांधले की ते एकाच कंपनीचे झाले. तिघांना एक कंपनी आणि चौथ्याला दुसरी हवी असेल तर त्या एकासाठी दुसरा फायबर आणि दुसरा स्प्लिटर. शिवाय १४ पेट्या कॉरिडॉरमध्ये, ज्या कुणीही उघडू शकतो.

त्याऐवजी प्रत्येक फ्लॅटमधून स्वतंत्र केबल थेट खालच्या पेटीत आणा. खाली विंगची २८ टोकं एका ओळीत. कंपनी तिचा स्प्लिटर शेजारी लावेल आणि ज्याने कनेक्शन घेतलं त्याच्या टोकाला पॅचकॉर्ड, म्हणजे छोटी जोडकेबल, लावेल. कंपनी बदलली की फक्त पॅचकॉर्ड हलते, घरात कुणी येत नाही. स्प्लिटर सोसायटीने विकत घेऊच नका. किती भागांचा लावायचा हे त्यांच्या बाहेरच्या डब्यात आधी काय आहे यावर ठरतं. ते काम त्यांचं.

बी विंगचा सचिव

हे पटलं. पण केबल किती वाढेल? २८ केबली शाफ्टमधून जातील का?

गाठीवाला

मजल्याची उंची ३ मीटर धरू. पहिल्या ते सातव्या मजल्याची सरासरी उभी धाव १२ मीटर. कॉरिडॉर ८, घरात ८, दोन्ही टोकांना गुंडाळी आणि गाठीसाठी मिळून ७. झाले ३५. गुणिले ५६ म्हणजे १,९६० मीटर. वाया जाईल ते धरून २,२०० मागवा.

जागेचं म्हणाल तर चपटी ड्रॉप केबल साधारण २ गुणिले ३ मिलिमीटरची असते. २८ केबली मिळून मनगटाएवढाही जुडगा होत नाही. प्रत्येकीत २ कोअर, म्हणजे फायबरचे दोन धागे, असू द्या. एक जोडायचा, दुसरा पेटीच्या ट्रेमध्ये गुंडाळून ठेवायचा. पुढे एखादा तुटला तर नवी केबल ओढायची गरज नाही, आणि भावात फरक किरकोळ.

फायबर जी.६५७.ए२ जातीचं मागा. ते ७.५ मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वळण सोसतं. जुन्या जी.६५२ला ३० लागतात, आणि आपल्याकडचा सुतार दाराच्या चौकटीवरून केबल नेताना ३० मिलिमीटर मोजत नाही.

शाफ्टमधला उंदीर

केबल चविष्ट असते का? मित्रासाठी विचारतोय.

मीटर रूम

उंदीरमामा, तुमच्यासाठीच कंड्युट.

विजेच्या शाफ्टबद्दल बोलतो. फायबर स्वतः वीज वाहत नाही म्हणून लोक बिनधास्त विजेच्या शाफ्टमध्ये टाकतात. पण ड्रॉप केबलमध्ये ताकदीसाठी दोन बाजूंना काड्या असतात, आणि बाहेरच्या वापराच्या केबलला वर एक लोखंडी तारही असते. स्वस्त मालात त्या काड्यासुद्धा पोलादी असतात. म्हणजे मीटरपासून सातव्या मजल्याच्या दिवाणखान्यापर्यंत तुम्ही एक उघडा कंडक्टर नेला. इमारतीत एफआरपी काड्यांची, म्हणजे पूर्ण बिनधातूची केबल घ्या आणि तीही वेगळ्या कंड्युटमधून न्या. ओळखायचं कसं? टोक सोलून काडीला लोहचुंबक लावा. चिकटली तर परत पाठवा.

जमलं तर टेलिफोन-इंटरकॉमचा शाफ्ट वापरा. लिफ्टच्या शाफ्टमध्ये मात्र अजिबात नाही, लिफ्ट इन्स्पेक्टर काढायला लावेल. आणि आवरण धूर कमी करणारं, हॅलोजन नसलेलं. शाफ्ट हा आगीत धुराडं होतो.

त्याच कारणाने प्रत्येक स्लॅबमध्ये केबलसाठी पाडलेलं भोक आग रोखणाऱ्या पुटीने बंद करा. केबलवाला भोक पाडतो आणि जातो, बुजवणं कुणाच्याच कोटेशनमध्ये नसतं. पत्रात वेगळी ओळ घाला.

नेटकरी नाना

तुम्ही सगळे उगाच गुंतागुंत करताय. सोसायटीने एक १ जीबीपीएसची लीज्ड लाइन घ्यावी, खाली एक राउटर, मजल्यावर स्विच, घराघरात कॅट ६. कॅट ६ ला १०० मीटर चालतं, तुमची धाव ३५. सगळी घरं एकदम डाउनलोड करत नाहीत, त्यामुळे १ जीबीपीएस ५६ घरांना पुरून उरेल. ₹४०० पण लागणार नाहीत.

सुमेधा_प

नानांचं अर्धं बरोबर आहे. ५६ घरांचा संध्याकाळचा एकत्रित वापर १ जीबीपीएसच्या बराच खाली राहतो आणि ३५ मीटर कॅट ६ आरामात चालते. पण दोन अडचणी आहेत.

पहिली, दूरसंचार विभागाच्या परवान्याशिवाय इंटरनेट पुढे विकता येत नाही. 'आम्ही विकत नाही, वाटून घेतो' हा युक्तिवाद किती टिकेल ते लीज्ड लाइनच्या करारात बघा, बहुतेक करारांत पुढे वाटायला मनाई असते. दुसरी व्यवहारातली. ५६ घरं एकाच सार्वजनिक आयपीमागे. कुणी एकाने ऑनलाइन फसवणूक केली की पोलिसांची नोटीस त्या आयपीवर, म्हणजे सोसायटीच्या नावावर. कुठल्या घरातून कधी काय गेलं याच्या नोंदी सचिवांकडे हव्यात. सचिव तयार आहेत का?

शिवाय मजल्यावरचे स्विच सोसायटीच्या विजेवर. वीज गेली की दोन्ही विंगच्या चौदाही स्विचना यूपीएस हवा. फायबरच्या पेटीला वीजच लागत नाही. घरातला मोडेम इन्व्हर्टरवर असला की काम झालं.

नेटकरी नाना

नोटिशीचा मुद्दा मान्य. पण यूपीएस लिफ्टलाही लागतोच की. आणि परवान्याचं मी अजून मानत नाही, मोठमोठी कॉम्प्लेक्स असंच करतात.

सुमेधा_प

करतात. पकडली जात नाहीत आणि परवानगी असते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हिशोबनीस

आता पैशाकडे या. पत्राचा शेवटचा परिच्छेद सगळ्यात धोकादायक आहे आणि त्यावर अजून कुणी बोललेलं नाही.

₹४०० सेवाशुल्काखाली घातले की काय होतं बघा. महाराष्ट्रात भाड्याने दिलेल्या फ्लॅटवरचा बिनभोगवटा आकार सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के असतो. सेवाशुल्क ₹४०० ने फुगलं की भाड्याच्या प्रत्येक फ्लॅटला आणखी ₹४० लागले, आणि तेही अशा सेवेवर जी भाडेकरू कदाचित वापरतच नाही. पहिली तक्रार उपनिबंधकांकडे तिथूनच जाईल.

दुसरं जीएसटीचं. महिना ₹७,५०० पर्यंतच्या मेंटेनन्सला सूट आहे. आत्ता तुमचं बिल ₹७,२०० असेल तर ₹४०० घालून ते ₹७,६०० होईल. सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर असेल तर कर लागतो, आणि तो पूर्ण रकमेवर की फक्त वरच्या १०० वर यावर वाद झालेला आहे. इंटरनेटपायी हा वाद अंगावर घेऊ नका.

म्हणून महिन्याचं बिल सोसायटीने हातात घेऊच नये. कंपनी आणि सदस्य, त्यांचं ते बघतील. सोसायटी फक्त केबलचा एकवेळचा खर्च काढेल.

पेन्शनर काका

मी ७४ वर्षांचा आहे, मोबाइलवर बातम्या बघतो. मला फायबर नको. मी का भरू?

दादरकर

काका, लिफ्टचे पैसे पहिल्या मजल्यावालेही भरतातच की.

पेन्शनर काका

मी पहिल्याच मजल्यावर राहतो. म्हणूनच विचारलं.

हिशोबनीस

😄 काकांचा प्रश्न रास्त आहे. मासिक ₹४०० ला त्यांचा नकार अगदी योग्य. केबलचं वेगळं आहे. ती इमारतीची मालमत्ता होते, फ्लॅट विकताना-भाड्याने देताना तिचा उपयोग होतो. सर्वसाधारण सभेने ठराव केला तर समान वर्गणी लावता येते असं माझं मत. क्षेत्रफळावर मात्र लावू नका. २ बीएचकेला आणि ३ बीएचकेला एकच केबल जाते. आणि सिंकिंग फंडाला हात लावू नका, तो पुनर्बांधणी आणि मोठ्या रचनात्मक दुरुस्तीसाठी असतो.

मिरजेचा

ज्यांना हवं त्यांच्याकडूनच घ्या ना. ४० जण तयार असतील तर ४० त भागा.

गाठीवाला

ते महाग पडतं. कंड्युट, खोदाई, पेट्या ५६ साठी करा की ४० साठी, खर्च जवळपास तोच. राहिलेल्या १६ जणांना दोन वर्षांनी एकेक करून केबल ओढायची म्हणजे प्रत्येक वेळी माणूस बोलवा, पुटी फोडा, परत भरा. एकदाच सगळ्यांच्या दारापर्यंत टाका. ज्यांना नको त्यांची केबल दाराबाहेरच्या डब्यात गुंडाळून ठेवा. काकांच्या घरात कुणी ड्रिल मारणार नाही.

सुमेधा_प

पण काकांना सक्ती करता येते का, हे सभेच्या ठरावाने पूर्ण सुटत नाही. उपविधीतल्या खर्चाच्या यादीत फायबर नावाने नाही. मी असते तर समान वर्गणी ठेवली असती आणि नकार देणाऱ्याचा हिस्सा दुरुस्ती निधीतून उचलून, तो फ्लॅट जेव्हा जोडणी घेईल तेव्हा वसूल करायचा असा ठराव केला असता.

हिशोबनीस

दुरुस्ती निधीतून नवी मालमत्ता? ऑडिटर शेरा मारेल.

सुमेधा_प

मारू दे, उत्तर देता येईल. उपनिबंधकांच्या सुनावणीपेक्षा शेरा बरा.

मीटर रूम

सचिवसाहेब, कोटेशन मागवताना चाचणीची अट घाला, नाहीतर 'लाल उजेड दिसतोय ना, झालं' म्हणून बिल लावतील. टॉर्चसारख्या पेनाने लाल उजेड पलीकडे दिसतो म्हणजे फायबर सलग आहे एवढंच कळतं. किती प्रकाश वाया जातोय ते कळत नाही.

गाठीवाला

अगदी. ५६ ही धावांवर प्रकाशस्रोत आणि पॉवर मीटरने १३१० आणि १५५० नॅनोमीटरवर मोजमाप घ्यायला सांगा. ३५ मीटर काचेत काहीच वाया जात नाही. दोन गाठी आणि दोन कनेक्टर मिळून १ डीबीच्या आत यायला हवं. दोन्ही आकडे का, तर ते एकत्र वाचता येतात. १३१० ला ०.६ आणि १५५० ला ३ आलं तर केबल कुठेतरी दुमडली आहे, कारण वळणाचा त्रास लांब तरंगलांबीला आधी होतो. बहुतेक वेळा घरात शिरतानाचा कोपरा किंवा क्लिपवर जोरात मारलेला खिळा. दोन्हीकडे सारखंच जास्त असेल तर कनेक्टर मळका किंवा गाठ वाईट. आधी पुसा, मग परत मोजा, मगच गाठ तोडा.

कुणी ओटीडीआरचा, म्हणजे परत येणाऱ्या प्रकाशावरून धाव तपासणाऱ्या यंत्राचा, कागद देतो म्हणाला तर भुलू नका. सुरुवातीला लांब लाँच केबल लावल्याशिवाय ३५ मीटरची धाव त्या यंत्राच्या आंधळ्या पट्ट्यातच संपू शकते. आलेख छान दिसतो, सांगत काही नाही.

टोकं सगळीकडे हिरवी, म्हणजे एससी-एपीसी. हिरव्यात निळं घातलं तर बसतं, पण तिरक्या कापावर सरळ काप टेकत नाही आणि प्रकाश गळतो. आणि जागेवर दाबून बसवायचे फास्ट कनेक्टर नकोत. पहिल्या दिवशी चांगले मोजतात, मग आतली जेल आणि पकड ढिली पडते. पिगटेल, म्हणजे एका टोकाला कनेक्टर आधीच बसवलेला फायबरचा तुकडा, वितळवून जोडा.

कोथरूड नाका

आमच्या इमारतीत शाफ्टच नाही, ग्राउंड प्लस तीन, १९८८ ची. मग काय?

मीटर रूम

जिन्याच्या कोपऱ्यातून वरपर्यंत पीव्हीसी केसिंग पट्टी. पावसाच्या पाइपाला बांधू नका, प्लंबर कापतो. चारच मजले असतील तर पेटी मधल्या लँडिंगवर ठेवली तरी चालेल, फक्त कुलूप हवं.

बी विंगचा सचिव

सगळ्यांचे आभार. कंत्राटदाराकडून नव्या आखणीचं कोटेशन आलं. पत्राचा बदललेला भाग:

> प्रत्येक फ्लॅटमधून विंगच्या तळमजल्यावरील कुलूपबंद पेटीपर्यंत स्वतंत्र २ कोअर, बिनधातूची केबल इंटरकॉमच्या शाफ्टमधून कंड्युटमध्ये टाकावी. ए विंगच्या पेटीत कंपन्यांचा प्रवेश असेल. तिथून बी विंगला १२ कोअरची एक केबल पार्किंगखालून ५० मिलिमीटर एचडीपीई पाइपमधून जाईल. स्प्लिटर कंपनीने आणावा. कुठल्याही कंपनीस एकाधिकार देऊ नये व मासिक आकार सोसायटीने गोळा करू नये.
>
> खर्च: केबल, पाइप व खोदाई ₹३३,८००. पेट्या, पिगटेल व गाठी ₹३४,६००. कंड्युट, मजुरी, स्लॅबमधील भोके आगरोधक पुटीने बुजवणे, क्रमांकपट्ट्या व चाचणी ₹५४,४००. एकूण ₹१,२२,८००, जीएसटीसह ₹१,४४,९०४. प्रति फ्लॅट ₹२,८०० एकवेळ, सेवाशुल्काबाहेर वेगळ्या शीर्षकाखाली. उरणारे ₹११,८९६ आकस्मिक खर्चासाठी.
>
> शेवटचे १० टक्के देयक दोन्ही तरंगलांबींचा ५६ ओळींचा चाचणी तक्ता मिळाल्यावर द्यावे.

नकार देणाऱ्यांचं काय करायचं ते मोकळं ठेवलंय. हिशोबनीस आणि सुमेधाताई, तुमचे दोन्ही पर्याय सभेपुढे मांडतो.

हिशोबनीस

शीर्षक 'फायबर उभारणी वर्गणी' असं स्पष्ट लिहा, 'इतर' नको.

दादरकर

१२ कोअर कशाला? बी विंगला २८ फ्लॅट आहेत, २८ कोअर नकोत का?

गाठीवाला

नकोत. बी विंगचे २८ फ्लॅट बी विंगच्या पेटीतच संपतात. दोन पेट्यांमध्ये कंपनीमागे एक कोअर पुरतो, कारण स्प्लिटर बी विंगमध्ये बसेल. तीन कंपन्या आल्या तरी तीन कोअर. बाकी नऊ कॅमेऱ्याला, इंटरकॉमला आणि कुणीतरी पार्किंगमध्ये पुन्हा खोदेल त्या दिवसासाठी. पाइपमध्ये एक नायलॉन दोरीही ओढून ठेवा, ओढायला उपयोगी पडते.

मीटर रूम

आणि किल्ली. एक सचिवांकडे, एक वॉचमनच्या बोर्डवर, वहीत सही करून. कंपनीच्या माणसाला किल्ली दिलीत की तो पहिल्या दिवशी दुसऱ्या कंपनीची पॅचकॉर्ड काढून स्वतःची लावतो.

पेन्शनर काका

वर्गणी देईन. पण माझ्या दाराबाहेरचा डबा पांढरा नको, भिंत पिवळी आहे.